ब्रॉयलरच्या मानेतली ती सुई

"माझी मुलगी साडेनऊ वर्षांची आहे. गेल्या सहा महिन्यांत ती एकदम थोराड दिसायला लागलीय, छातीची वाढही सुरू झालीय. सासूबाई म्हणतात, 'दर रविवारी ब्रॉयलर खायला घालतेस, त्यातल्या इंजेक्शनचा हा परिणाम.' दीरांनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, त्यात खरंच पिल्लांच्या मानेत सुई टोचत होते. नाहीतर चाळीस दिवसांत दोन किलोची कोंबडी होईल तरी कशी? आता घरात फक्त गावरान आणायचं ठरलंय, पण ते दर रविवारी परवडत नाही. मुलीला ब्रॉयलर देणं बंद करू का?"
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, तुमच्या दीरांनी दाखवलेला व्हिडिओ बहुधा खराच असेल. ब्रॉयलरच्या पिल्लाला मानेत सुई टोचली जाते, यात लपवण्यासारखं काही नाही. त्या सुईतून काय जातं, एवढाच प्रश्न आहे.

पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की हॅचरीतच, पहिल्या दिवशी, मानेच्या मागची कातडी चिमटीत धरून तिच्याखाली ०.२ मिली औषध सोडतात. ही मॅरेक्स नावाच्या रोगाची लस. हा विषाणूचा रोग आहे, त्यात पाय लुळे पडतात आणि आतड्या-काळजावर गाठी येतात. लस पहिल्याच दिवशी द्यावी लागते, कारण शेडमध्ये गेल्यावर विषाणू कधी गाठेल याचा नेम नसतो. पुढे पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून देतात. काही ठिकाणी त्याच वेळी मानमोडीची मृत लसही मानेत टोचतात. बारा-चौदा दिवसांनी गंबोरो या विषाणूच्या रोगाची लस पिण्याच्या पाण्यातून जाते. त्याआधी तास-दोन तास पाणी बंद ठेवून पक्षी तहानेला आणतात, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने लस मरू नये म्हणून पाण्यात स्किम मिल्क पावडर घालतात. मानमोडीचा दुसरा डोसही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाण्यातूनच. म्हणजे पक्ष्याच्या सगळ्या आयुष्यात सुई एकदा, फार तर दोनदा टोचली जाते, आणि तीही तो मुठीत मावतो तेव्हाच. व्हिडिओ पुन्हा बघा. त्यात पिवळी पिल्लं दिसत असतील, मोठी पांढरी कोंबडी नाही.

आता वाढीच्या हार्मोनचा विचार करू. ते प्रथिन आहे. इन्सुलिनची गोळी का मिळत नाही, तर पोटात ते पचून जातं म्हणून. वाढीच्या हार्मोनचंही तसंच, त्यामुळे ते खाद्यात किंवा पाण्यात मिसळून उपयोग नाही, टोचावंच लागेल. शिवाय रक्तात गेल्यावर ते काही मिनिटांत संपतं, म्हणजे एकदा टोचून भागणार नाही, रोज आणि दिवसातून अनेकदा टोचावं लागेल. संशोधकांनी कोंबडीच्या पिल्लांना बाहेरून हे हार्मोन देऊन पाहिलंय. वाढीत म्हणावा असा फरक पडला नाही. कोंबडीसाठीचं वाढीचं हार्मोन बाजारात विकायला म्हणून कोणी तयारही करत नाही.

तरी घटकाभर धरून चालू की कोणी ते मिळवलं. आपल्याकडे हातकणंगले, शिरोळ, करवीर भागात पाच हजार पक्ष्यांची शेड नेहमीची आहे, आणि ती बहुतेक एक कुटुंब सांभाळतं. एक पक्षी पकडायचा, टोचायचा, सोडायचा, याला दहा सेकंद धरले तर एक फेरी पूर्ण व्हायला पन्नास हजार सेकंद लागतात. म्हणजे जवळजवळ चौदा तास, न थांबता. आणि हे रोज. वर, पंचवीस दिवसांचा सव्वा किलोचा पक्षी पकडायला शेडमध्ये शिरलात की बाकीचे कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालचे गुदमरून मरतात. उन्हाळ्यात तर एवढ्या धावपळीनेच मर वाढते. जो शेतकरी विक्रीसाठी पक्षी उचलून नेण्याच्या रात्रीसुद्धा पक्षी बिथरू नयेत म्हणून दिवे मंद करतो, तो रोज हा गोंधळ का घालेल?

करार पद्धतीचा हिशेबही बघा. कंपनी पिल्लं, खाद्य, औषध आणि देखरेखीला सुपरवायझर देते. शेतकऱ्याकडे शेड, वीज आणि मेहनत. बॅच गेल्यावर त्याला जिवंत वजनावर किलोमागे काही रुपये मिळतात, आणि खाद्य कमी लागलं, मर कमी झाली तर वर थोडे जास्त. त्याचं सगळं लक्ष एकाच आकड्यावर असतं, त्याला एफसीआर म्हणतात. एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य गेलं, तो हा आकडा. पाच हजार पिल्लं टाकली, दोनशे मेली, अठ्ठेचाळीसशे पक्षी सरासरी २.२ किलोने गेले, तर १०,५६० किलो वजन झालं. एफसीआर १.६ असेल तर खाद्य लागलं सुमारे १६,९०० किलो, म्हणजे पन्नास किलोची साधारण ३४० पोती. तुमची दोन किलोची कोंबडी 'आपोआप' होत नाही ती अशी. प्रत्येक पक्ष्यामागे साडेतीन किलो खाद्य त्या शेडमध्ये शिरलेलं असतं.

या पोत्यांत निम्म्याहून अधिक मका असतो आणि साधारण तिसरा हिस्सा सोयाबीन पेंड. उरलेल्यात तेल, चुनखडी, डीसीपी हा कॅल्शियम-फॉस्फरसचा क्षार, मीठ, जीवनसत्त्वं आणि लायसिन, मिथिओनिन ही अमिनो आम्लं. पहिल्या दहा दिवसांच्या प्री-स्टार्टरमध्ये प्रथिनं २२-२३ टक्के असतात, पुढे स्टार्टर आणि फिनिशरमध्ये ती कमी आणि तेलातून मिळणारी ऊर्जा जास्त होत जाते. लायसिन-मिथिओनिन ही नावं औषधासारखी वाटतात, पण डाळभात एकत्र खाल्ल्यावर जे साधतं तेच ती साधतात. मका-सोयाबीनमध्ये जे कमी पडतं ते भरून काढतात. पहिल्या आठवड्यात जवळजवळ दिवसरात्र उजेड ठेवतात, कारण अंधारात पिल्लू खात नाही. ब्रूडरखाली ३२-३३ अंश ऊब असते, कारण थंडी वाजली की खाल्लेलं वाढीऐवजी अंग गरम ठेवण्यात जातं.

पण हेच खाद्य, हीच ऊब गावरान पिल्लाला दिली तर ते चाळीस दिवसांत दोन किलोचं होईल का? नाही होणार. खरं कारण खाद्याच्याही मागे, पक्ष्याच्या रक्तात आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९५७ आणि १९७८ सालच्या कोंबड्यांचे वाण तिथे निवड न करता जसेच्या तसे जपून ठेवले होते. ते दोन आणि २००५ सालचा रॉस ३०८ हा ब्रॉयलर असे तिन्ही वाण एकाच ठिकाणी, एकच खाद्य देऊन वाढवले. छप्पन्न दिवसांनी १९५७चा पक्षी भरला ९०५ ग्रॅम, १९७८चा १,८०८ ग्रॅम आणि २००५चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच असताना वजन चौपटीहून जास्त. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात त्याआधी, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुना-नवा पक्षी आणि जुनं-नवं खाद्य अशी अदलाबदल करून पाहिली होती. वाढीतला ८५ ते ९० टक्के फरक वाणाचा आणि उरलेला खाद्याचा निघाला.

हे वाण घडलं कसं, ते शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला चटकन कळतं. चांगल्या म्हशीची रेडी आपण राखतो, बाकीच्या विकतो. तसंच इथे. हजारो पक्ष्यांतून ज्यांची वाढ, छातीचं मांस, पायांची ताकद आणि खाद्य अंगी लावण्याची कुवत सर्वांत चांगली, तेवढेच पुढच्या पिढीसाठी ठेवायचे. म्हशीची पिढी पुढे सरकायला चार वर्षं जातात, कोंबडीची वर्षाच्या आत सरकते. अमेरिकेत १९४८ साली 'उद्याची कोंबडी' नावाची देशव्यापी स्पर्धा झाली, तिथून या निवडीने वेग घेतला. आजचा पक्षी म्हणजे त्यानंतरच्या पन्नासहून अधिक पिढ्यांची चाळण आहे. त्यातही मूळ वंशाचे पक्षी मोजक्या कंपन्यांकडे असतात. त्यांची पिल्लं, मग त्यांची पिल्लं, असं तीन-चार पायऱ्या उतरून जे पिल्लू शेडमध्ये येतं ते ब्रॉयलर. ते पुढे वंश वाढवायला ठेवत नाहीत.

इंजेक्शनची शंका असलेल्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ब्रॉयलरची अंडी जी कोंबडी घालते, त्या आईला लहानपणापासून मोजूनमापून, भुकेपेक्षा कमी खाद्य द्यावं लागतं. पोटभर दिलं तर ती इतकी जड होते की पाय धरत नाहीत आणि अंडी घटतात. तिची वाढ थोपवण्यासाठी माणसं राबतात. जिला आवरावं लागतं तिला वाढीचं इंजेक्शन कोण देईल?

एवढं वाचूनही सासूबाईंना पटणार नाही कदाचित. गावाकडे अंगण असेल तर सुट्टीत करून बघता येईल. ब्रॉयलरची चार आणि गावरानाची चार पिल्लं एकाच दिवशी आणा. खोक्यात तांदळाचं तूस पसरा, वर ६०-१०० वॅटचा पिवळा बल्ब टांगा. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर बल्ब खाली घ्या, कडेला पळत असतील तर वर घ्या. पाणी आणि दुकानातलं ब्रॉयलरचं खाद्य कायम समोर ठेवा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी वजन करा. ब्रॉयलरचं पिल्लू पहिल्या दिवशी ४०-४५ ग्रॅम भरेल, सातव्या दिवशी साधारण त्याच्या चौपट, एकविसाव्या दिवशी पाऊण ते एक किलो. पस्तीस दिवसांनी ते दोन किलोच्या आसपास असेल, गावरान जेमतेम तीनशे ग्रॅमचं. घरी आणल्यापासून सुई कोणी टोचलेली नसेल, हे सासूबाईंनी स्वतः पाहिलेलं असेल.

मग हा समज आला कुठून? त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. १९४०-५०च्या दशकांत अमेरिकेत कोंबड्यांच्या मानेत डाय-इथाईल-स्टिलबेस्ट्रॉल या कृत्रिम स्त्री-हार्मोनची गोळी बसवत. उद्देश वेगाने वाढवण्याचा नव्हता. नर कोंबडा खच्ची केल्यासारखा मऊ आणि चरबीदार व्हावा, एवढ्यासाठी ते होतं. १९५९ साली कोंबड्यांसाठी ते बंद झालं. अमेरिकेत मांसाच्या गुरांना हार्मोनच्या गोळ्या आजही बसवतात, ती बातमी फिरत फिरत कोंबडीला चिकटते. आणि आपल्याकडे म्हशीला पान्हा सोडायला ऑक्सिटोसिन टोचण्याचा गैरप्रकार लोकांना माहीत आहे. गंगावेशीत डोळ्यांसमोर धार काढून दूध पिणाऱ्या कोल्हापूरकराला गोठ्यातली सुई ठाऊक असते, म्हणून कोंबडीच्या मानेतली सुई पाहिली की तो तोच अर्थ लावतो. संशय स्वाभाविक आहे, फक्त जागा चुकली.

दुकानात किंवा घरी कोंबडी साफ करताना दिसणारे दोन 'पुरावे' असेच फसवे असतात. पंखाखाली किंवा मांडीवर लालनिळा डाग दिसतो, त्याला लोक इंजेक्शनची जागा म्हणतात. तो मुका मार असतो, पक्षी पकडताना किंवा क्रेटमधून नेताना बसलेला. दुसरं, शिजवल्यावर हाडाजवळचं मांस काळपट लाल दिसतं. चाळीस दिवसांच्या पक्ष्याचं हाड कोवळं आणि सच्छिद्र असतं, त्यातला मगजाचा रंग बाहेर झिरपतो. फ्रीजरमध्ये ठेवलेल्या कोंबडीत तो जास्त दिसतो. मांस मऊ पडतं आणि रश्शाला चव उतरत नाही, त्याचंही कारण वयच. सहा महिन्यांच्या गावरानाच्या स्नायूंना जो चिवटपणा आणि चव आलेली असते, ती चाळीस दिवसांत येत नाही. पांढऱ्या रश्शाला गावरान लागतं ते यासाठी.

वेगवान वाढीची किंमत कोणी मोजतच नाही, असं मात्र म्हणणार नाही. ती पक्षी मोजतो. हृदय आणि फुप्फुसं मांसाच्या वेगाला पुरत नाहीत, मग पोटात पाणी भरतं, काही धडधाकट दिसणारे पक्षी अचानक उलटे पडून मरतात, काहींचे पाय वाकतात. छातीच्या मांसावर पांढऱ्या रेघा दिसतात, त्या चरबीच्या असतात, आणि त्याही याच वेगाच्या. ज्यांना हे पटत नाही त्यांनी ब्रॉयलर खाऊ नये, ते कारण सच्चं आहे. हार्मोनचं नाही.

आणि काळजीच करायची तर प्रतिजैविकांची करा. इथे तुमच्या शंकेला खरा आधार आहे. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ साली दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले, तेव्हा ४० टक्क्यांत प्रतिजैविकांचे अंश सापडले होते. आजार नसताना खाद्यातून थोडी थोडी औषधं देण्याची सवय या धंद्यात होती. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना द्यायला भारतात २०१९ मध्ये बंदी आली. नियम असा की औषध दिल्यावर ठरावीक दिवस उलटल्याशिवाय पक्षी विकायचा नाही. तो पाळला नाही तर अंश मांसात राहतात आणि शिजवून ते सगळे जातीलच असं नाही. त्याहून मोठा धोका म्हणजे औषधाला न जुमानणारे जंतू. ते मात्र शिजवल्यावर नक्की मरतात. म्हणून नेहमीचा, स्वच्छ दुकानदार धरा. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओट्यावर आणि कोशिंबिरीवर उडतात. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा. मांडीच्या सांध्याशी टोचल्यावर गुलाबी नाही तर स्वच्छ पाणी येईपर्यंत शिजवा.

गावरान आणायचं म्हणता, तर तेही पारखून घ्या. तांबड्या-काळ्या पिसांची कोंबडी म्हणजे गावरानच असं नाही. वनराज, गिरिराज यांसारखे सुधारित रंगीत वाण गावरानाच्या भावाने विकले जातात. खायला ते वाईट नाहीत, पण त्यातले बरेच शेडमध्येच, पोत्यातल्या खाद्यावर आणि त्याच लसींवर वाढलेले असतात. ओळखायचं तर पाय बघा. मोकळ्यावर फिरलेल्या सहा महिन्यांच्या कोंबडीच्या पायावरची खवलं खरखरीत असतात, नख्या झिजलेल्या असतात, आणि छातीच्या हाडाचं टोक दाबल्यावर लवत नाही. कोवळ्या पक्ष्याचं ते टोक कुर्चेसारखं लवतं.

राहिली तुमची लेक. चाळीस दिवसांचा ब्रॉयलर वयात आलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या अंगातही लैंगिक हार्मोन नगण्य असतात. मुलींमध्ये छातीची वाढ साधारण आठ ते तेरा या वयात कधीही सुरू होते. साडेनऊ हे त्यात नीट बसतं. पोषण सुधारलं, अंगावर चरबी आली की ती या वयोगटाच्या अलीकडच्या टोकाला सुरू होण्याचा कल असतो. घरात तुम्हाला किंवा तुमच्या बहिणींना पाळी लवकर आली असेल तर तेही मुलीत उतरतं. आठच्या आत वाढ सुरू झाली असती, किंवा दहाच्या आत पाळी आली, किंवा वर्षभरात उंची अचानक खूपच वाढली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. तसं काही नसेल तरी एकदा उंची-वजन नोंदवून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, म्हणजे घरातला वाद आकड्यावर येईल.

रविवारची कोंबडी चालू ठेवा, तिची वाटीही चालू ठेवा. बदल करायचाच असेल तर कातडी काढून घ्या आणि तळलेल्या तुकड्यांऐवजी रस्सा-भाकरी करा. आणि मुलीसमोर 'कोंबडीने तुझं असं झालं' हे बोलणं आजपासून बंद करायला सासूबाईंना सांगा. या वयात अंगातले बदल तिला आधीच ओशाळं करत असतात. त्यात ताटातल्या घासाचा दोष तिच्या माथी नको.